पाचटाच्या धुरात एक खोली: प्रकल्प नोंदी, मांजरी बुद्रुक

२६ नोव्हेंबर

कामाची हद्द ठरवली. सोसायटीच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठाने, थेऊर-लोणी काळभोरच्या बाजूला ऊस आहे. तोड झाली की डिसेंबर ते मार्च कुठे ना कुठे पाचट पेटतं, आणि फेब्रुवारीनंतर घाटाच्या डोंगरांवर गवत पेटतं. पुण्याच्या थंडीत संध्याकाळी वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार होऊन वरच्या उबदार हवेखाली अडकते. त्यामुळे सहाला पेटवलेल्या शेताचा धूर वर न जाता आडवा पसरतो आणि सकाळी ऊन चढेपर्यंत इमारतींच्या मधे बसून राहतो.

अख्खा फ्लॅट धूरमुक्त करायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका दोन बीएचके घरातली एकच बेडरूम तयार करायची, जिथे दमा असलेल्या आजी आणि घरातली दोन माणसं रात्र काढू शकतील. ज्यांना बाहेर जावंच लागतं त्यांच्यासाठी, म्हणजे गेटवरचे वॉचमन, दूध टाकणारा मुलगा आणि दुचाकीवरून कामाला जाणारे, मास्क निवडायचा. खोली आणि मास्क ही दोन्ही कामं एकाच वहीत ठेवली आहेत, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: फिल्टर धूर अडवतो, पण हवा फिल्टर सोडून फटीतून जाते.

२ डिसेंबर

एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, हवेतल्या बारीक कणांचं प्रमाण दाखवणारे दोन लेझर मॉनिटर घेतले, एक आत आणि एक बाहेर ठेवायला. ठेवण्याआधी दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी दोन तास चालवले. एक सतत साधारण ८ टक्के जास्त दाखवतो. त्याच्यावर पेनने खूण केली आणि पुढच्या सगळ्या आकड्यांत ती दुरुस्ती धरली आहे.

हे मॉनिटर कण मोजत नाहीत, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. लाकूड किंवा पालापाचोळ्याच्या धुरात तो अंदाज बराच फुगतो, धुक्याच्या सकाळी तर आणखी. म्हणून ‘आत्ता ३०० आहे’ या वाक्यावर फार भिस्त ठेवायची नाही. आत आणि बाहेर यांचं प्रमाण मात्र विश्वासाचं, कारण दोन्ही यंत्रं एकाच दिशेने चुकतात.

सरकारी आकड्यांबद्दल एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. हवेच्या गुणवत्तेचा अधिकृत निर्देशांक कणांसाठी २४ तासांची सरासरी घेतो. संध्याकाळी सात ते नऊ असा दोन तास दाट धूर आला तर तो त्या सरासरीत विरघळून जातो आणि ॲप ‘मध्यम’ म्हणत राहतं. पीएम २.५ ची भारतातली २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस १५ आहे. खोलीसाठी लक्ष्य: बाहेर काहीही असो, आत २५ च्या खाली.

५ डिसेंबर

मास्क. आधी साधं गणित मांडलं, कारण सभासदांच्या मनात ‘एन९५ म्हणजे ९५ टक्के’ एवढंच पक्कं बसलेलं आहे. ते ९५ टक्के कापडाचे आहेत, चेहऱ्यावरच्या मास्कचे नव्हेत. समजा बाहेर २०० आहे आणि श्वासातली पाचवा हिस्सा हवा नाकाजवळच्या फटीतून येते. त्या हिश्श्यातला धूर जसाच्या तसा आत जातो, म्हणजे ४०. उरलेल्या १६० मधले ५ टक्के गाळणीतून सुटतात, म्हणजे ८. आत ४८. कापड ९९ टक्क्यांचं आणलं तरी ४१ च्या वर राहणार. फट बुजवली तर साध्या एन९५ मध्येही २० च्या खाली येता येतं.

त्यामुळे खरेदीचा पहिला निकष पट्टा. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे हवेत, एक कानांच्या वर आणि एक मानेवर. कानात अडकवायचे लूप कानाला जितकं सोसेल तितकंच ओढतात आणि तेवढ्या ताणावर हनुवटीखाली व गालाशी फट राहते. लूपवालाच मास्क हाताशी असेल तर दोन्ही लूप डोक्यामागे प्लास्टिकच्या हुकने जोडावेत, बराच फरक पडतो.

दुसरा निकष छापलेल्या खुणा. भारतीय मानक आयएस ९४७३, त्याखाली एफएफपी२ हा दर्जा, आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. अमेरिकी एन९५ वर टीसी-८४ए ने सुरू होणारा क्रमांक असतो. ‘एन९५’ छापलेलं आहे पण कानाचे लूप आहेत, किंवा पाकिटावर ‘लहान मुलांसाठी एन९५’ लिहिलंय, तर संशय घ्यावा. अमेरिकेत लहान मुलांसाठी ही मान्यता दिलीच जात नाही.

झडप असलेला मास्क धुरासाठी चालतो. झडप फक्त श्वास सोडताना उघडते, त्यामुळे घालणाऱ्याचं संरक्षण कमी होत नाही आणि वॉचमनसारख्या आठ तास घालणाऱ्याला आत कमी दमट वाटतं.

निळा सर्जिकल मास्क, रुमाल, ओढणी बाद. ओला रुमाल बांधला की धूर अडतो असं बरेच जण सांगतात. ओल्या कापडाने डोळ्याला दिसणारी राख अडते. धुराचे कण बहुतेक एक मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि ते धाग्यांमधल्या मोकळ्या जागेतून सहज निघून जातात.

७ डिसेंबर

फिटची चाचणी. सहा जण, तीन प्रकारचे मास्क: कडक वाटीसारखा, मधोमध उभी घडी असलेला आणि आडव्या घडीचा होडीसारखा. तिन्ही डोक्यामागच्या पट्ट्यांचे.

रोजची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. मास्क हनुवटीखालून लावायचा, वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा मानेवर, दोन्हींची फुली होऊ द्यायची नाही. नाकावरची पत्ती एका हाताच्या चिमटीत दाबली की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट उघडते. ती दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून बाहेर अशी चेपत न्यायची. मग दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांवर वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली तर नाकाजवळ गळती आहे. झडपवाल्या मास्कमध्ये उलट, जोरात श्वास आत घ्यायचा: मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे.

हे माणसाच्या स्वतःच्या अंदाजावर चालतं, म्हणून एकदाच सॅकरिनची चाचणीही घेतली. सोडियम सॅकरिनची दोन द्रावणं केली: पातळ, १०० मिली पाण्यात ०.८३ ग्रॅम, आणि दाट, १०० मिली कोमट पाण्यात ८३ ग्रॅम. १२ इंच व्यासाचं, १४ इंच उंच पारदर्शक प्लास्टिकचं टोप केलं. ते खालून पूर्ण उघडं असून खांद्यावर नुसतं टेकतं, गळ्याशी कधीच बांधायचं नाही. समोर पाऊण इंची भोक. चाचणीआधी १५ मिनिटं पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. आधी मास्कशिवाय टोपात पातळ द्रावणाचा नेब्युलायझरचा फवारा सोडायचा आणि तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्यायचा. गोड लागलं म्हणजे त्या माणसाची जीभ चाचणीला लायक. मग तोंड धुऊन, मास्क घालून, दाट द्रावणाचा फवारा. दर ३० सेकंदांनी थोडा नवा फवारा आणि एकेक मिनिट ठरलेल्या हालचाली: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणं, वाकणं, पुन्हा साधा श्वास. गोड लागलं की नापास. दमा असलेल्या कुणावरही ही चाचणी केली नाही.

निकाल: वाटीचा मास्क दोघांनाच बसला. उभ्या घडीचा तिघांना. होडीचा पाच जणांना. उरलेल्या एकाला तिन्ही नापास, त्याची दाढी आहे. सगळ्यात जास्त वेळा गळती बोलताना लागली, कारण जबडा खाली गेला की वाटीचा कडक काठ हनुवटीवरून सुटतो. होडीच्या मास्कला तिथे ढिली घडी असते, ती जबड्याबरोबर हलते. चेहरे वेगळे, म्हणून हा निकाल दुसऱ्या सोसायटीला लागू होईलच असं नाही. एकाच मापाचे पन्नास मास्क घाऊक घेण्याआधी तीन प्रकार आणून बघावेत, एवढंच इथून घ्यावं.

दाढी असलेल्याला मास्क ‘थोडा तरी’ उपयोगी, पण मास्कचा काठ जिथे टेकतो तिथे केस असतील तर चांगला फिट मिळणारच नाही. मिशी काठाच्या आत राहत असेल तर चालते.

९ डिसेंबर

दुचाकीवाल्यांसाठी. स्कार्फ आधी आणि त्यावर मास्क, ही पद्धत बंद करायची: मास्कचा काठ कातडीवर टेकलाच नाही तर तो मास्क नाही. आधी मास्क, मग हवा तर वरून स्कार्फ, मग हेल्मेट. हेल्मेट चढवताना त्याची गाल-गादी मास्कला वर ढकलते, म्हणून पट्टा लावून झाल्यावर काच उघडून श्वास सोडण्याची तपासणी पुन्हा करायची.

मास्क धुवायचा नाही, सॅनिटायझर मारायचं नाही. आतल्या थरातल्या धाग्यांवर विजेचा स्थिर भार असतो आणि बारीक कण मुख्यतः त्यानेच ओढले जातात. अल्कोहोलने तो भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, श्वासही सोपा जातो, आणि गाळणी निकामी झालेली असते. वापर झाला की कागदी पिशवीत ठेवायचा, प्लास्टिकमध्ये घाम सुकत नाही. पट्टा सैल झाला, श्वास जड व्हायला लागला, किंवा काठ वाकला की टाकायचा.

दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क नाही. त्याहून मोठ्या मुलांच्या चेहऱ्यावर तो बसेलच याची खात्री देता येत नाही, म्हणून मुलांसाठी उपाय खोली हाच. आजींसाठीही तेच: मास्कमधून श्वास ओढायला जोर लागतो, तो त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

१४ डिसेंबर

खोलीचं माप: ३.३ × ३.६ × २.९ मीटर, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. एक सरकती ॲल्युमिनियमची खिडकी, एक दार, स्प्लिट एसीच्या पाइपचं भोक. बाथरूम खोलीला जोडलेलं नाही, पॅसेजमध्ये आहे. हे आपलं नशीब, कारण त्यात गॅस गीझर आहे.

ही ओळ मोठ्या अक्षरात लिहिण्यासारखी आहे: गॅस गीझर असलेल्या बाथरूमची लूव्हरची खिडकी कधीही बुजवायची नाही. तिथली हवा अडवली तर जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही आणि आपला कुठलाही फिल्टर किंवा मास्क तो अडवत नाही. धूर त्या बाथरूमपर्यंत येऊ द्यायचा आणि बाथरूमचं दार बंद ठेवायचं. पॅसेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला.

फटी शोधल्या. शेजारच्या संडासातला एक्झॉस्ट फॅन चालू केला आणि त्याचं दार व बेडरूमचं दार उघडं ठेवून बाकी सगळं बंद केलं. घरातला दाब किंचित उतरला की बाहेरची हवा प्रत्येक फटीतून आत ओढली जाते. पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेने सावकाश फिरवली. जिथे धुराची रेघ आत वाकली तिथे पेन्सिलने खूण केली.

अंदाज होता की काचेच्या कडेचं रबर गळत असेल. तिथे काहीच नव्हतं. सगळ्यात मोठी गळती दोन पल्ले एकमेकांवर येतात त्या उभ्या रेघेत होती, कारण तिथली केसाळ पट्टी झिजून सपाट झाली आहे. दुसरी खालच्या रुळातल्या पाणी जाण्याच्या भोकांतून. तिसरी एसीच्या पाइपभोवती, वरून पांढरी टोपी होती पण आत मूठभर मोकळी जागा.

१६ डिसेंबर

बुजवणं. केसाळ पट्टी ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात मीटरवर मिळते. जुनी खाचेतून ओढून काढली आणि जुन्यापेक्षा एक मिलिमीटर उंच अशी नवी सरकवली. रुळातल्या भोकांवर मास्किंग टेप, पावसाळ्याआधी काढायची म्हणून वहीत ३१ मे ही तारीख टाकली आहे. एसीच्या भोकात पुट्टी. दाराखाली रबराची पट्टी. साधी सेलोटेप वापरू नये, उन्हात डिंक वितळून खिडकीला चिकटून राहतो.

परिणाम मोजायचा तर खोलीत ठरावीक धूर करून तो किती वेगाने उतरतो ते बघायचं. दुपारी बाहेर स्वच्छ असताना एक उदबत्ती जाळून विझवली, छताच्या पंख्याने हवा ढवळली आणि दार लावलं. बाहेरची पातळी वजा करून खालचे आकडे दिले आहेत.

फटी बुजवण्याआधी ३०० वरून २४० वर यायला १५ मिनिटं लागली होती. नंतर त्याच उताराला ३० मिनिटं. म्हणजे हवेची ये-जा साधारण निम्मी झाली. हिशोब असा:

```
k    = ln(C0/Ct) / t        (t तासांत)
CADR = V × (k2 − k1)
```

CADR म्हणजे फिल्टर तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो ते, k हा तासाचा उतार, k1 फिल्टरशिवाय, k2 फिल्टरसह, V खोलीचं आकारमान. बुजवल्यावर k1 = ln(300/240) / 0.5 = 0.45.

२१ डिसेंबर

फिल्टरचा डबा. भोसरीच्या एका फिल्टर बनवणाऱ्याकडून २० × २० इंच, २ इंच जाड, एफ-७ दर्जाचे चार घडीदार पॅनल करून घेतले. मर्व्ह-१३ म्हणतात ते साधारण याच जातीचं. चारही पॅनल भिंतींसारखे उभे केले, प्रत्येकाची कड पुढच्याच्या पाठीला टेकते अशा चक्राकार मांडणीत, म्हणजे बाहेरचं माप २२ × २२ इंच येतं. खाली आणि वर १२ मिमी प्लायचे २२ इंची चौकोन. वरच्या प्लायला १२ इंचाचं गोल भोक आणि त्यावर १२ इंची, १४०० फेऱ्यांचा लोखंडी एक्झॉस्ट फॅन, हवा वर फेकणारा. पॅनलच्या चौकटीवरचे बाण आतल्या बाजूला. पात्यांवर जाळी सक्तीची, घरात लहान मूल येतं-जातं.

हेपा का नाही, हा प्रश्न आला. एक्झॉस्ट फॅन भरपूर हवा हलवतो, पण अडथळ्यापुढे त्याचा जोर संपतो. दाट हेपातून तो जेमतेम हवा ओढेल. थोडा विरळ फिल्टर चालतो, कारण तीच हवा तासात अनेकदा डब्यातून फिरते. चार पॅनल का, याचंही उत्तर तेच. एकाच पॅनलवर हवेचा वेग चौपट होतो आणि अडथळा वाढतो. एकच पॅनल लावून बघितलं: १५ मिनिटांत ३०० वरून ६०, म्हणजे सुमारे २०० घनमीटर प्रति तास.

चार पॅनलवर अपेक्षा ५०० ची होती. मिळाले ३७०: दहा मिनिटांत ३०० वरून ४५.

२३ डिसेंबर

तूट शोधली. डबा चालू ठेवून उदबत्ती कडांवरून फिरवली. पॅनल एकमेकांना चार-चार ठिकाणीच टेप लावून धरले होते. टेपच्या दोन तुकड्यांमध्ये धूर सरळ आत ओढला जात होता. फॅनची कडी जरा वाकडी असल्याने प्लायवर पूर्ण बसली नव्हती, तिथून फेकलेली हवा परत आत शिरत होती. चौकटीवर कारखान्यातली धूळ होती, म्हणून टेपही सुटत होती.

चौकट ओल्या फडक्याने पुसून सुकवली, सगळ्या बारा कडांवर अखंड ॲल्युमिनियम टेप, फॅनच्या कडीखाली फोमची पट्टी. पुन्हा चाचणी: दहा मिनिटांत ३०० वरून २४.

k2 = ६ × ln(३००/२४) = १५.१५. वजा ०.४५ म्हणजे १४.७. गुणिले ३४ म्हणजे ५०० घनमीटर प्रति तास. पॅनल तेच, फॅन तोच. मास्कची गोष्ट इथे जशीच्या तशी पुन्हा घडली.

पूर्ण वेगाला आवाज फार आहे, झोपता येत नाही. रेग्युलेटरने मधल्या वेगावर ३०० मिळतात.

४ जानेवारी

पहिला खरा धूर. नदीपलीकडे पाचट पेटलं.

संध्याकाळी ६.२० ला बाहेर ७०. ६.३५ ला वास आला, लगेच खिडक्या बंद, डबा पूर्ण वेगात. ६.५० ला बाहेर २४०, ७.३० ला ३१०. त्या वेळी हॉलमध्ये १८०, बेडरूममध्ये १९. जेवणासाठी ये-जा झाली तेव्हा दार उघडलं की ७० पर्यंत उडी, आणि मधल्या वेगावर बारा मिनिटांत परत २० वर. वास मात्र खोलीत होताच आणि ‘फिल्टर काम करत नाही’ अशी तक्रार त्यावरूनच आली. वास वायूंचा असतो, हा फिल्टर फक्त कण अडवतो. वायू शोषायला भरपूर कोळसा लागतो, मास्कच्या एका काळ्या थराने ते होत नाही. ओझोन सोडणारी ‘आयन’ यंत्रं आणू नयेत, ओझोन स्वतःच श्वासनलिकेला त्रास देतो.

एक चूक: ७.४० ला स्वयंपाकघरातली चिमणी चालू झाली. हॉलमधला आकडा दहा मिनिटांत १८० वरून २४० वर गेला. चिमणी जितकी हवा बाहेर फेकते तितकीच बाहेरून फटींतून आत येते, आणि बाहेर धूरच होता. धुराच्या संध्याकाळी चिमणी व एक्झॉस्ट बंद, आणि मग फोडणीही नको: कुकरमध्ये वरण-भात, वरून तूप. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद. झाडू नाही, ओला पोछा. डेझर्ट कूलर बंद, तो बाहेरची हवा आत आणतो. स्प्लिट एसी चालेल, तो आतलीच हवा फिरवतो, पण त्याची जाळी धूर गाळत नाही.

५ जानेवारी

पहाटे पाचला खोलीत कार्बन डायऑक्साइड ३६०० पीपीएम. तिघंही डोकं जड होऊन उठले. कण १२ वर होते, धुरापासून संरक्षण उत्तम, आणि हवा शिळी.

हिशोब आधीच करायला हवा होता. झोपलेला माणूस तासाला साधारण १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, तिघं मिळून ३९. चौतीस घनमीटरच्या घट्ट बंद खोलीत दर तासाला हजारावर पीपीएमची भर पडते. फटी आम्हीच बुजवल्या.

सकाळी ९.३० ला ऊन चढलं, बाहेर ६० वर आलं, तेव्हा सगळ्या खिडक्या अर्धा तास उघडल्या. धुराच्या दिवसांत घर उघडायची वेळ ही: उशिराची सकाळ ते दुपार. पहाटेची ‘ताजी हवा’ सगळ्यात वाईट.

१९ जानेवारी

दुसरा धूर, वेगळी मांडणी. खिडकी बंद आणि टेपबंदच, पण हॉलकडचं दार तीन इंच उघडं, फटीत लाकडी पाचर. डबा मधल्या वेगावर, दाराच्या फटीजवळ, म्हणजे हॉलमधून आत येणारी हवा आधी त्याच्याकडे ओढली जाते. बाहेरच्या भिंतीची गळती बंद, आतल्या दाराची ठेवलेली.

बाहेर २९०, हॉल १७०, खोली रात्रभर २२ ते २७. पहाटे पाचला कार्बन डायऑक्साइड १३५०. लक्ष्य २५ चं होतं, दोन अंक वर गेलं, ते मान्य. रात्री दहापर्यंत डबा पूर्ण वेगात ठेवला तर तेवढंही राहत नाही. हॉल मोठा आहे आणि त्यात कुणी झोपलेलं नव्हतं, म्हणून हे जमलं. एकाच खोलीचं घर असेल तर खिडकीची एक बारीक फट ठेवून डबा तिच्यासमोर पूर्ण वेगात लावावा लागेल.

आजींना पहाटे खोकला आला नाही. त्यांचा पंप आणि औषधं खोलीतच ठेवली होती.

२० जानेवारी

वॉचमनच्या केबिनसाठी मागणी आली. खिडकीला काच नाही, दार सतत उघडं. तिथे डबा ठेवून उपयोग नाही. त्यांना झडपवाले मास्क आणि धुराच्या रात्री दर दोन तासांनी बदली, पाळी संपलेल्याने क्लबहाउसमध्ये बसायचं. कमिटीने मंजूर केलं.

८ मार्च

दिवे घाटाच्या बाजूला गवत पेटलं. हा धूर पाचटापेक्षा वेगळा वागला: दुपारच्या वाऱ्यात झपाट्याने आला, तासाभरात निघून गेला, मागे गॅलरीत राख. राख कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने उचलायची. धूर गेल्याबरोबर घर उघडलं.

१० मार्च

हंगामानंतरची चाचणी. पॅनल राखाडी झाले आहेत, पण रंगावरून ठरवत नाही. दहा मिनिटांत ३०० वरून ४०, म्हणजे सुमारे ३९५. नव्यात ५०० होते. ३०० च्या खाली गेलं की पॅनल बदलायचे. ठोकून किंवा व्हॅक्यूमने साफ करायचे नाहीत, घड्या फाटतात आणि अडकलेली धूळ परत खोलीत येते. आणखी एक तपासणी: पॅनलच्या चौकटीच्या आतल्या कडेला काळी रेघ आहे का बघितलं. एका कोपऱ्यात बोटभर आहे, तिथली टेप सुटली होती. नवी लावली.

डबा मोठ्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर. पुढची चाचणी १५ नोव्हेंबर, ऊसतोड सुरू होताना. रुळातल्या भोकांची टेप ३१ मे.